एकाच बीमवर १३ आणि २: दोन चुलत भावांचं प्रकरण

नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर संध्याकाळी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा सराव मी घेतो. मागच्या हिवाळ्यात त्यांतला एक पोरगा आपल्या चुलत भावाला सोबत घेऊन यायला लागला. धाकटा १८ वर्षांचा, उंची १६३ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. त्याला अग्निवीर भरतीला उतरायचं होतं. थोरला २८ वर्षांचा, वाडीला एका गोदामात कामाला, उंची १८१ आणि वजन ९१ किलो. त्याला भरतीबिरतीचं काही नव्हतं. पोट थोडं सुटलंय, भावासोबत घाम गाळू, एवढाच त्याचा हिशेब होता.

दोन आठवड्यांनी थोरला पुल-अप्सच्या बीमखाली उभा राहून मला म्हणाला, "सर, हा तेरा मारून राहिला न मी दोनमध्येच लटकून राहिलो. गोदामात पन्नास किलोची गोणी मी उचलतो, ह्याला ती हलत नाही. मंग माझ्यात जोर नाही का?"

त्याला बीम सोडून द्यायचा होता. हा प्रश्न मी बऱ्याच जाड आणि उंच पोरांच्या तोंडून ऐकला आहे. "मेहनत कर, होईल" हे उत्तर मला तेव्हाही खोटं वाटायचं, कारण त्यात प्रश्नाचं उत्तरच नसतं. म्हणून या वेळी दोघांना आधी काट्यावर घेतलं.

पहिल्या दिवशीचे आकडे असे होते. पुश-अप्स: धाकटा ३३, थोरला २४. पुल-अप्स: धाकटा १३, थोरला २. बिनवजनाच्या स्क्वॉट दोघांनीही ४० मारल्या आणि मीच थांबवलं. म्हणजे एका व्यायामात दोघं बरोबरीचे, दुसऱ्यात थोडा फरक आणि तिसऱ्यात सहापट फरक. माणसं तीच, दिवस तोच. मग फरक व्यायामात आहे, आणि तो समजायचा तर प्रत्येक व्यायामात शरीराचा किती हिस्सा खरोखर उचलला जातो हे बघायला हवं.

पुश-अप: काटा आणि पाट

घरचा काटा घ्यायचा, पण सुईचा. डिजिटल काटा एकदा आकडा पकडला की तिथेच अडकतो, मग वरचं आणि खालचं वजन वेगळं कळत नाही. काट्यावर लाकडी पाट ठेवला म्हणजे दोन्ही हात नेहमीच्या अंतरावर टेकवता येतात. पाटाचं वजन आधी शून्य करून घ्यायचं. पायांखाली तेवढ्याच उंचीच्या विटा ठेवायच्या. हात उंच आणि पाय खाली राहिले तर आकडा कमी येतो, आणि ही चूक सगळ्यांत जास्त होते.

आता वर, हात सरळ ठेवून थांबायचं. सुई स्थिर झाली की वाचायचं. मग खाली, छाती पाटापासून चार बोटांवर आणून थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. हलता हलता वाचलेल्या आकड्याला अर्थ नसतो, कारण शरीर खाली सोडताना सुई कमी दाखवते आणि जोरात वर ढकलताना जास्त.

थोरल्याचं वर ६२.५ किलो आलं, खाली ६८. धाकट्याचं वर ३६, खाली ३९. वाचन बरोबर आहे का हे तपासायची सोपी रीत आहे. काटा पायांखाली घ्यायचा, विटा हातांखाली, आणि तीच मुद्रा पुन्हा करायची. हातांचा आणि पायांचा आकडा मिळून शरीराचं पूर्ण वजन भरलं पाहिजे. थोरल्याच्या पायांखाली वरच्या स्थितीत २८.५ आले. ६२.५ आणि २८.५ मिळून ९१, हिशेब जुळला. बेरीज दोन-तीन किलोंनी चुकली तर समजायचं की कंबर खचली होती किंवा पाटाची आणि विटांची उंची जमली नव्हती.

आता टक्के काढा. दोघांचंही वरचं वजन शरीराच्या ६९ टक्क्यांजवळ आणि खालचं ७५ टक्क्यांजवळ. २०११ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासातही हात सरळ असताना ६९ आणि खाली ७५ टक्के असेच आकडे आले होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात साध्या पुश-अपला ६४ टक्के निघाले. हातांचं अंतर, पायांची ठेवण आणि मोजायची रीत बदलली की एवढा फरक पडतो. दोन तृतीयांश लक्षात ठेवलं तरी चालतं.

जाड्याचा आणि बारक्याचा टक्का सारखा कसा, हे धाकट्याला पटत नव्हतं. त्याला मी पाळण्याच्या फळीचं उदाहरण दिलं. पुश-अपमध्ये शरीर ही फळी, पायाची बोटं ही तिची बिजागरी आणि हात हा दुसरा टेकू. सगळं वजन जणू बेंबीच्या थोडं खाली एका बिंदूत गोळा झालं आहे असं धरा. जमिनीपासून तो बिंदू उंचीच्या साधारण ५६ टक्क्यांवर असतो आणि खांदे ८२ टक्क्यांवर. ५६ ला ८२ ने भागलं की ०.६८ येतात. उंच माणसाचे दोन्ही आकडे सोबतच वाढतात, म्हणून भागाकार तोच राहतो. खाली गेल्यावर हिस्सा का वाढतो तेही यातच आहे. वर असताना शरीर तिरकं असतं. खाली गेलं की ते आडवं होतं, वजनाचा बिंदू पायांपासून आडव्या अंतरात लांब सरकतो, हात मात्र जिथल्या तिथे असतात. त्यामुळे हातांवर जास्त भार येतो. पुश-अप खालीच का अडकतो याचं एक कारण हे आहे.

(आखाड्यातला जोर यात धरू नका. त्यात कुल्हे वर असताना भार पायांकडे जातो आणि छाती खाली सरकताना हातांवर येतो, त्यामुळे एक टक्का सांगताच येत नाही.)

म्हणजे टक्का सारखा आहे, पण किलो नाहीत. थोरला प्रत्येक वेळी ६८ किलोपर्यंत ढकलत होता आणि धाकटा ३९. २४ आणि ३३ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना हे कुणीच विचारत नाही.

पुल-अप: जिथे प्रकरण खरं उलगडलं

बीमला लटकलं की टेकू उरत नाही. बीमला धरलेले पंजे वर जात नाहीत आणि कोपरापुढचा हात थोडाच हलतो. दोन्ही हातांचा तेवढा भाग मिळून शरीराच्या ४ ते ५ टक्के असतो. बाकी ९५ टक्क्यांहून जास्त वजन ओढूनच न्यावं लागतं. थोरल्याला तिथे ८७ किलो होते, धाकट्याला ५०. पुश-अपहून थोरल्याचा भार १९ किलोंनी वाढला आणि ओढणारे स्नायू पायांसारखे मोठे नाहीत.

मग मी दोघांची कमाल मोजली. पाठीवर पिशवी, तिच्यात लोखंडी प्लेटा, आणि कोपर पूर्ण सरळ ठेवून लटकल्यापासून हनुवटी बीमच्या वर जाईपर्यंत एकच पुल-अप. दोन-दोन किलो वाढवत न्यायचं, मध्ये चार मिनिटं विश्रांती. धाकटा २२ किलो बांधून एक मारू शकला, म्हणजे एकूण ७४. थोरला ५ किलो बांधून, म्हणजे एकूण ९६. (मागे राहणारे पंजे मी दोघांच्याही हिशेबात सोडून दिले, तुलनेला त्याने फरक पडत नाही.)

हे दोन आकडे थोरल्याला दाखवले तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. ओढायची ताकद त्याची भावापेक्षा २२ किलोंनी जास्त होती. पण पुल-अपची संख्या ताकदीवर ठरत नाही, ती शिल्लक किती त्यावर ठरते. स्वतःचं शरीर उचलून धाकट्याकडे २२ किलो उरत होते आणि थोरल्याकडे ५.

शिल्लकीवरून संख्येचा अंदाज लावायला व्यायामशाळेत एक जुनं सूत्र वापरतात. कमाल वजनाला शरीराच्या वजनाने भागा, त्यातून एक वजा करा, राहिलेल्याला ३० ने गुणा. धाकट्याचे ७४ भागिले ५२ म्हणजे १.४२, त्यावरून साधारण १३. थोरल्याचे ९६ भागिले ९१ म्हणजे १.०५५, त्यावरून दीड-दोन. दोघांच्याही मोजलेल्या संख्या याला चांगल्या जुळल्या. संख्या दहा-बारापुढे गेली की हे सूत्र ढिलं पडतं. तिथे दमाचा भाग वाढतो.

आता खरा प्रश्न. थोरला अशक्त नाही, हे ठरलं. पण त्याच्या आकाराच्या मानाने ताकद पुरेशी आहे का?

याला भूमितीतून उत्तर मिळतं. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते. वजन मात्र घनफळाप्रमाणे वाढतं. सगळ्या मापांत सारखा वाढलेला माणूस घेतला तर वजन दुप्पट झालं तरी ताकद दुप्पट होत नाही, ती १.६ पटीच्या आतच राहते. थोरला धाकट्याच्या १.७५ पट वजनाचा आहे. तेवढ्या वाढीला ताकद १.४५ पट वाढायला हवी. ७४ गुणिले १.४५ म्हणजे १०७ किलो. १०७ ला ९१ ने भागून तेच सूत्र लावलं की येतात ५ पुल-अप्स.

म्हणजे थोरला आपल्या भावाच्या तोडीचा तयार असता, तेवढाच कसलेला आणि तसाच सडपातळ असता, तरी त्या बीमवर १३ नाही, ५ मारले असते. दोघांमधल्या ११ च्या फरकातले ८ निव्वळ आकाराचे होते. सरावाने आणि चरबीने गेलेले फक्त ३. इतके दिवस तो स्वतःला दोष देत होता तो सगळ्या ११ साठी.

हाच हिशेब इतर वजनांना लावला तर ५२ किलोच्या माणसाच्या १३ ची बरोबरी ६० किलोचा १० ते ११ मध्ये करतो, ७५ किलोचा ७ ते ८ मध्ये, आणि १०५ किलोचा ४ च्या आसपास. शिवाय उंच माणसाचे हात लांब असतात. थोरल्याला एका पुल-अपला शरीर ६० सेंटिमीटर वर न्यावं लागत होतं आणि धाकट्याला ५४. वजन आणि अंतर दोन्ही धरलं तर एका पुल-अपमागे थोरल्याचं काम जवळपास दुप्पट.

या हिशेबाची मर्यादाही सांगायला हवी. तो सारख्या बांध्याच्या शरीरांना लागू पडतो. थोरल्याची कंबर बेंबीवर ९८ सेंटिमीटर होती, म्हणजे त्याच्या ९१ मध्ये न ओढणारं वजन भावापेक्षा जास्त होतं. १०७ ही अपेक्षा त्याच्यासाठी जरा जास्तच होती. वर्षानुवर्षं बीमवर घालवलेल्या जड माणसाला हे सूत्र कमी लेखतं हेही मी पाहिलं आहे. आकड्याकडे दिशा म्हणून बघायचं, निकाल म्हणून नाही.

भरतीच्या मैदानात मात्र यातलं काही चालत नाही. बीमवर १० मारले की ४० गुण, ६ मारले की १६, आणि सहाच्या खाली नापास. तिथे वजनाचे गट नाहीत. ७५ किलोच्या उंच पोराला ५२ किलोच्या पोराएवढे गुण हवे असतील तर त्याला आकाराच्या मानाने जास्त तयार व्हावं लागतं, आणि ते त्याला आधीच सांगितलेलं बरं.

स्क्वॉट: काटा जिथे फसवतो

धाकट्याने उत्साहात काट्यावर उभं राहून बैठक मारली आणि म्हणाला, "सर, इथं तर शंभर टक्के येऊन राहिले." काटा चूक नव्हता, प्रश्न चुकला होता. पाय जमिनीवर असताना जमीन सगळंच वजन पेलते, उचललेलं असो की नसो. स्क्वॉटमध्ये नडग्या आणि पावलं वर जात नाहीत, आणि दोन्ही मिळून ती शरीराच्या १२ टक्के असतात. म्हणून उचललं जातं साधारण ८८ टक्के. तेही शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंनी आणि दोन पायांत वाटून. त्यामुळे बिनवजनाच्या स्क्वॉटमध्ये दोघांकडेही भरपूर शिल्लक होती आणि फरक दिसला नाही. एका पायावर बसायला लावा, लगेच दिसतो: तिथे एकाच पायावर ९४ टक्के येतात.

ओळखीच्या जिममध्ये बारबेल लावून बघितलं. धाकटा ७५ किलो घेऊन बसला, थोरला ११०. भिंतीवरच्या तक्त्यात "शरीराच्या दीडपट" असं लिहिलेलं असतं, त्या मापाने धाकटा १.४४ पट आणि थोरला १.२ पट, म्हणजे इथेही थोरला मागे. पण बारसोबत शरीरही उचललं जातं. धाकट्याने ७५ आणि स्वतःचे ४६, एकूण १२१ उचलले. थोरल्याने ११० आणि ८०, एकूण १९०. आकाराप्रमाणे त्याच्याकडून १७५ ची अपेक्षा होती. पायांत तो भावाच्या पुढे होता. दिवसभर ९१ किलोचं शरीर आणि वर गोण्या घेऊन चालणाऱ्या पायांबद्दल मला तरी याचं नवल वाटलं नाही. तो तक्ता जड माणसाला नेहमीच कमी दाखवतो.

पुढचे १४ आठवडे

थोरल्याला बिनवजनाच्या स्क्वॉट बंद केल्या. जड माणसाच्या पायांना त्यातून ताकद मिळत नाही, नुसता गुडघा दमतो. पुश-अप चालू ठेवले. बीमवर आठवड्यातून तीन दिवस. दोनच येतात म्हणून दोन-दोन मारून परत जाणं ही तिथली नेहमीची चूक, कारण प्रत्येक वेळी तो कमालीच्या ९५ टक्क्यांवर काम करत होता आणि एकूण संख्या दहाही होत नव्हती. त्याऐवजी बीमला रबरी पट्टा अडकवून तीन-तीनचे पाच सेट. पट्टा खाली जास्त मदत करतो आणि वर जवळपास नाही, म्हणून शेवटी स्टुलावरून चढून वरच्या स्थितीतून पाच मोजत सावकाश उतरायचं, तीन वेळा. उतरवताना स्नायू उचलण्यापेक्षा जास्त वजन पेलतो, त्यामुळे हे जमतं. पाच मोजायच्या आत सुटायला लागला की त्या दिवसाचं काम संपलं.

जेवणात भात आणि तेल कमी केलं, रविवारचं सावजी महिन्यातून एकदावर आलं. वजन कमी झाल्याचा फायदा तिन्ही व्यायामांत सारखा नसतो. ६ किलो उतरले तर पुश-अपमध्ये ४ किलोंचा भार कमी होतो, पुल-अपमध्ये जवळपास सगळ्या ६ चा. आणि ज्याची शिल्लकच ५ किलो आहे त्याची शिल्लक त्याने दुपटीहून जास्त होते. ताकद अजिबात न वाढता नुसतं ८५ किलोवर आलं तरी सूत्र ४ पुल-अप्स सांगतं.

याच काळात धाकट्याची आई, म्हणजे थोरल्याची काकू, संध्याकाळी मैदानावर फिरायला यायची. तिला पुश-अप करायचे होते. वजन ६८ किलो, गुडघे टेकून तीन येत होते आणि तिसऱ्यात कंबर खचत होती. गुडघ्यांवर भार हलका वाटतो, पण वर ५४ टक्के असतो तो खाली ६२ पर्यंत जातो, म्हणजे तिला ४२ किलो. मी तिला कट्ट्यावर नेलं. हात ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवले की हिस्सा ४१ टक्के, २८ किलो. पायरीएवढ्या ३० सेंटिमीटरवर ५५ टक्के, ३७ किलो. कट्ट्यावर शरीर टाचेपासून खांद्यापर्यंत एका रेषेत राहतं, जमिनीवर लागणारी पोटाची पकड तिथेच शिकता येते, आणि उंची कमी करत गेलं की भार दहा किलोंच्या आत वाढत जातो. कट्ट्यावर १२ झाले तेव्हा पायरीवर उतरवलं. आता पायरीवर ८ होतात.

चौदाव्या आठवड्यात थोरला ८५ किलो होता, कंबर ९१. पिशवीत १६ किलो घेऊन एक मारला, एकूण १०१. पुश-अप ३२ झाले. पुल-अप ५, सहावा हनुवटीशी अडला. धाकटा तोवर १४ वर गेला होता. थोरल्याने या वेळी त्याचा आकडा विचारला नाही. मला म्हणाला, "सर, पंच्याऐंशीचे किती व्हायला पाहिजे?" मी हिशेब केला: साधारण सहा. त्याने खडू घेऊन बीमच्या खांबावर ६ लिहिला आणि पाच मिनिटं बसून पुन्हा लटकला.